ओला असतानाच उन्हात टाका

"ताई, लंगोट धुऊन स्वच्छ होतात, वासही येत नाही, पण पिवळे डाग तसेच राहतात. ब्लीच टाकलं तर चालेल का?"

ब्लीच नका टाकू. माझ्याकडून लंगोट-दुपटी शिवून नेणाऱ्या बहुतेक जणी विचारायला येतात तोवर ते टाकूनही झालेलं असतं. त्याने सुती कापड विरतं, आणि लघवीने भिजलेल्या कापडावर ते पडलं तर जो झोंबरा वायू निघतो, तो बाळंतिणीच्या घरात नकोच.

अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी दिसते ती पित्तातल्या बिलिरुबिनमुळे. मोठ्या माणसांच्या आतड्यातले जिवाणू त्याचं रूप बदलून टाकतात, म्हणून आपला रंग तपकिरी. तान्ह्याच्या पोटात ते काम अजून धड सुरू झालेलं नसतं. आता हे बिलिरुबिन साबणाला दाद देत नाही, पण उजेडापुढे टिकत नाही. काविळीच्या बाळाला दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवतात ते याचसाठी. आमच्याकडे सासूबाई म्हणायच्या, "उनमा टाकी दे वं, निंघी जाई." त्यांचा भरवसा मात्र तापमानावर होता. खरं काम उजेड करतो. म्हणून पौषातल्या कोवळ्या उन्हातही डाग जातो, काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हातही जातो, ढगाळ दिवशीही हळूहळू फिका होतो. पण पावसाळ्यात शेगडीवर वाळवलेला लंगोट वाळतो तेवढा, पिवळा तो पिवळाच.

उन्हाआधीचं धुणं मात्र नीट हवं. शी खरवडून काढा आणि डागाच्या उलट्या बाजूने गार पाण्याची धार सोडा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते. कढत पाणी आधी घालू नका, शीमधली प्रथिनं त्याने धाग्यात घट्ट बसतात. मग कोमट पाण्यात थोडा साबण विरघळवून अर्धा-पाऊण तास भिजत घाला. दुधाची चिकटाई सुटायला तेवढा वेळ लागतो, आणि ती राहिली तर रंग तिच्याआड दडून राहतो. चोळायचं ते तळहाताने, ब्रशने नाही. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, म्हणून हात सैल सुटतो आणि मग सगळं कापड करडं, खरखरीत होतं. शेवटचं खळबळणं शक्य असेल तर नळाच्या गोड्या पाण्यात करा.

एवढं करूनही डाग दिसणारच. आता लंगोट वाळवू नका, ओलाच उन्हात न्या. मागच्या वैशाखात भाचीच्या बाळाचा मलमलचा लंगोट मी असाच धाब्यावर बाजेवर पसरला होता, डाग वर करून. त्या दिवसांत आपल्याकडे पातळ कापड दहा-पंधरा मिनिटांत कडकडीत होतं, आणि कोरडं झालं की रंग उडण्याचा वेग मंदावतो. म्हणून जाता-येता पाण्याचा हबका मारत होते. डाग आधी मधून गेला. कडेला हळदीच्या रेघेसारखं वर्तुळ उरलं, दुपारनंतर तेही गेलं. शेवटपर्यंत राहिली ती पट्टीच्या शिवणीतली पिवळी रेघ, कारण दुमडीत ऊन पोचलंच नव्हतं. कापड उलटं करून, शिवण बोटांनी फाकवून दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला. दोरीवर टाकलात तर नेमकी अशीच घडी पडते, म्हणून बाज बरी. धुळीची वावटळ सुटली की मात्र उचलायला धावायचं, तो वैताग आहेच.

रंगीत कापडाचा रंगही ऊन खातं, म्हणून मी तान्ह्यासाठी पांढरंच शिवते. आणि बाजारातल्या तयार नॅपीच्या आत जो प्लास्टिकचा थर आणि इलॅस्टिक असतं, ते मे महिन्याच्या उन्हात तासन्‌तास ठेवू नका. आतल्या सुती घड्या वेगळ्या काढून तेवढ्याच वाळत घाला.

लंगोटावर पिवळं काही उमटतच नसेल, शी खडूसारखी पांढुरकी होत असेल, तर मात्र ती धुण्याची गोष्ट नाही. त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांकडे न्या. पित्त आतड्यात उतरत नसल्याची ती खूण असू शकते.

उन्हाची ही करामत वरचं अन्न सुरू झालं की कमी होते. तपकिरी डाग पिवळ्याइतक्या सहज उडत नाहीत, लोहाच्या थेंबांनी काळपट झालेली शी तर उन्हाला जुमानतच नाही. आणि रावेर-यावलकडच्या घरांत बाळाच्या तोंडी पहिलं जातं ते कुस्करलेलं केळं. त्याचा डाग सुरुवातीला दिसतच नाही, हवा लागली की काळा पडतो. तो वाळायच्या आत धुतला तर निघतो, नाहीतर त्या लाळेऱ्याला पुढे केळ्यासाठीच ठेवायचं.