पुसलेला फोटो आणि उरलेले प्रश्न

म्हापशात आमचे दुरुस्तीचे दुकान दुपारी एक ते साडेतीन बंद असते. जुलैतल्या एका दिवशी, जेवणाच्या त्याच वेळात, साखळीहून एका वहिनींचे त्यांच्या वॉशिंग मशीनबद्दल चार संदेश आले होते. दुकान उघडून मी ते पाहिले, तेव्हा पहिल्याच्या जागी संदेश हटवल्याची ओळ होती आणि खाली तीन प्रश्न शिल्लक होते : ‘हे काय आले आहे?’, ‘मोटर गेली का?’ आणि ‘येताना लागेल तो पार्ट घेऊनच याल का?’ ज्या फोटोबद्दल हे प्रश्न होते तो कोणीही पाहिलेला नव्हता.

मी फोन केला. फोटो का काढून टाकला, असे विचारल्यावर वहिनी थोड्या संकोचल्या. मशीनच्या काळ्या चकचकीत पट्टीवर बिघाडाच्या कोडबरोबर त्यांचे स्वतःचे घरगुती गाऊनमधले प्रतिबिंबही उमटले होते आणि ते पाठवल्यावर लक्षात आले. शिवाय तोवर मशीन बंद केल्यामुळे कोडही गेला होता. “पण भाऊ, मला नीट आठवते, LE होते. नेटवर पाहिले तर मोटर अडकली असे लिहिले आहे.”

LE हा कोड ऐकून मी आधी मशीन कोणते ते विचारतो, कारण त्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. एका कंपनीच्या मशीनमध्ये तो मोटर फिरत नसल्याचा असतो, तर दुसऱ्या कंपनीच्या काही मशीनमध्ये पाण्याच्या गळतीचा. वहिनींचे मशीन पहिल्या प्रकारचे, पुढून कपडे घालण्याचे आणि पट्ट्याशिवाय थेट मोटरवर फिरणाऱ्या ड्रमचे निघाले. अशा मशीनमध्ये LE आला की रोटरची जागा ओळखणारा सेन्सर बहुतेक वेळा आमच्या पिशवीत असतोच, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशीही तो मी काढून टेबलावर ठेवला होता. फोटो हाती असता तर मी तो घेऊन सरळ डिचोलीच्या रस्त्याला लागलो असतो, कारण फोटोतही LE च दिसले असते.

फोटो नसल्यामुळे मात्र कोड कोणत्या वेळी आला हे विचारणे भाग होते. वहिनी म्हणाल्या की मशीनने पाणी घेतले, कपडे धुतले, पाणी सोडले, मग शेवटी ड्रम थोडा फिरे, थांबे, पुन्हा थोडा फिरे, आणि असे बराच वेळ चालल्यावर कोड आला. कपडे कसे निघाले? “धुतलेले स्वच्छ, पण पाणी गळत होते.”

इथे गाडी अडली. मोटरला ड्रम फिरवता येत नसेल तर ती तक्रार सहसा धुण्याच्या सुरुवातीलाच होते. पाऊण तास कपडे घुसळून झाल्यावर होत नाही. वहिनींनी सांगितलेली वागणूक UE ची होती. पिळण्यापूर्वी मशीन हळूहळू वेग वाढवून वजन सगळीकडे सारखे आहे का ते पाहते, कपडे एका बाजूला गोळा झाले असतील तर थांबून ते पसरवण्याचा प्रयत्न करते, आणि अनेकदा प्रयत्न करूनही जमले नाही तर UE दाखवून थांबते. पण वहिनी L वर ठाम होत्या. त्या पूर्वी मराठी शाळेत शिकवत होत्या. अक्षरे वाचण्यात त्या चुकतील असे मला वाटले नाही.

मग अक्षर नव्हे, तर अक्षर दाखवणारी पट्टीच चुकते आहे का, हे पाहायचे ठरवले. या पट्टीवर प्रत्येक अंक सात छोट्या रेघांचा बनतो : तीन आडव्या, आणि डावीकडे दोन व उजवीकडे दोन अशा चार उभ्या. U मध्ये डावीकडच्या दोन्ही, उजवीकडच्या दोन्ही आणि तळाची आडवी रेघ पेटते. उजवीकडच्या दोन्ही उभ्या रेघा पेटल्या नाहीत तर उरतो तो L. E ला मात्र उजवीकडच्या रेघा मुळातच लागत नाहीत, म्हणून तो जसाच्या तसा राहतो. असे झाले की UE चे निखळ, नीटनेटके LE होते आणि पाहणाऱ्याला पट्टी बिघडल्याची शंकाही येत नाही.

मी वहिनींना रिकामे मशीन चालू करून, धुण्याची वेळ पुढे ढकलण्याचे बटण एकदा दाबायला सांगितले. त्या मशीनमध्ये पहिल्या दाबाला 3:00 यायला हवे. “तीन आडव्या रेघा आहेत, आणि पुढे दोनदा C,” त्या म्हणाल्या. ३ मधल्या उजव्या रेघा गेल्या की तीन आडव्या उरतात आणि शून्याचा C होतो. बटण दाबत ८ तासांपर्यंत जा, असे सांगितल्यावर त्या हसून म्हणाल्या, “आता तर E आला.” मग त्यांनीच पुस्ती जोडली की गेले काही दिवस उरलेली मिनिटे विचित्र दिसत होती, पण पावसाळ्यात असे होत असेल म्हणून त्यांनी दुर्लक्ष केले होते. मी सेन्सर पुन्हा कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी साखळीला पोहोचलो तेव्हा मशीन मागच्या पडवीत होते, जिथे पावसाची झड थेट येते आणि जमीन मोरीच्या दिशेने उतरती आहे. प्लग काढून वरचे झाकण आणि पुढची पट्टी उघडली. डिस्प्ले बोर्डाकडे येणाऱ्या जोडणीवर शेजारशेजारच्या दोन पिना हिरव्या पडल्या होत्या. या बोर्डावर उजवीकडची वरची रेघ सगळ्या अंकांसाठी एकाच तारेवरून पेटते आणि खालची दुसऱ्या तारेवरून, म्हणूनच ३, ० आणि ८ तिघांचीही तीच बाजू गेली होती. एकाच अंकात बिघाड असता तर मी पिनांऐवजी त्या अंकाचे दिवे तपासले असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पिना स्वच्छ करून, पूर्ण कोरड्या झाल्यावर जोडणी बसवली. या वेळी 8:00 हे 8:00 च दिसले.

खरी तक्रार मात्र अजून तशीच होती. मशीनच्या वरच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबून पाहिले तर ते डुलत होते. पुढच्या डाव्या पायाचे लॉक नट सैल होऊन पाय वर सरकला होता. पाय खाली घेऊन मशीन समतल केले आणि नट वरपर्यंत घट्ट आवळले, कारण ते सैल राहिले तर पिळण्याच्या हादऱ्याने पाय पुन्हा सरकतो. आदल्या दिवशी काय धुतले होते, असे विचारल्यावर वहिनींनी एक जाड गोधडी दाखवली. ती एकटीच धुतली होती. पाणी प्यायलेली एकटी गोधडी ड्रममध्ये एका बाजूला गोळा होते, आणि तिला तोलायला दुसरे काहीच नसल्याने मशीनने ती कितीही हलवली तरी वजन पसरत नाही. मी तिच्याबरोबर दोन मोठे टॉवेल टाकून फक्त पिळण्याचा कार्यक्रम लावला. ड्रम दोनदा थांबला, तिसऱ्यांदा वेग धरला आणि शेवटपर्यंत गेला.

जॉब कार्डावर आमच्या मुलाने फोनवरून LE लिहून ठेवले होते. ते खोडून UE लिहिले आणि डिस्प्लेच्या पिनांची वेगळी नोंद केली. एका पिनेवरचा मुलामा गंजाने खाल्लेला आहे, त्यामुळे मशीन पडवीतच राहिले तर पुढच्या पावसात रेघा पुन्हा जाऊ शकतात, हे वहिनींना सांगितले. त्यांनी विचारले की तेव्हा फोटो पाठवू का. मी म्हटले, जरूर पाठवा, पण त्याबरोबर आधी ८ तासांवर नेऊन काय दिसते ते लिहा, आणि कोड आला तेव्हा मशीन नेमके काय करत होते तेही.