होमलोन फिटल्यावर घराचे ओरिजनल पेपर आणायला वाशी-ठाणे अशा तीन फेऱ्या

आमचा कोपरखैरण्याचा फ्लॅट सिडकोचा, रिसेलचा, 2009 ला घेतलेला. म्हणजे सिडकोकडून पहिल्या मालकाला, त्यांच्याकडून दुसऱ्याला आणि मग आम्हाला, असे एकामागून एक कागद, आणि ते सगळे ओरिजनल इतकी वर्षं बँकेत. 5 मे 2025 ला शेवटचा हप्ता गेला आणि ह्यांनी पेढे आणले. मला वाटलं आता बँकच फोन करेल, पेपर घेऊन जा म्हणून. आठ दिवस काहीच नाही, म्हणून अ‍ॅपमध्ये बघितलं तर लोन चालूच, बाकी 412 रुपये! कधीतरी एक हप्ता दोन दिवस उशिरा गेला होता त्याचं व्याज आणि चार्ज तसेच पडून राहिलेले, ते कोणी मागितलेही नव्हते.

म्हणजे शेवटचा हप्ता जाणं वेगळं आणि लोन अकाउंट बंद होणं वेगळं, हे लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, 1 डिसेंबर 2023 पासून लागू, की पूर्ण फेड झाल्यापासून 30 दिवसांत सगळे ओरिजनल पेपर परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजाही काढायचा, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. पण पाचपन्नास रुपये जरी बाकी असले तरी बँक म्हणणार पूर्ण फेड झालीच नाही, आणि तुमचे 30 दिवस सुरूच होणार नाहीत.

पहिली फेरी वाशीच्या ब्रँचला, 14 मे. 412 भरले, शून्य बाकीचं स्टेटमेंट तिथेच प्रिंट करून घेतलं, क्लोजरचा अर्ज दिला आणि माझ्या कॉपीवर तारखेसकट शिक्का घेतला. शिवाय दोन गोष्टी मागितल्या. एक, पेपर कुठून घ्यायचे ते मी सांगणार (हाही त्याच नियमात आहे, लोन चालवणारी ब्रँच किंवा पेपर जिथे असतील ते ऑफिस, आपल्या सोयीने). पेपर ठाण्याला वागळे इस्टेटच्या ऑफिसात होते आणि वाशीला मागवले तर अजून वेळ जाईल म्हणाले, म्हणून मी ठाणं लिहून दिलं. दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, एलओडी, म्हणजे लोन घेताना बँकेने कोणकोणते पेपर ठेवून घेतले त्याची यादी. 2009 ची आमची कॉपी फाइलमध्ये सापडली होती पण शाई पार उडालेली, म्हणून सिस्टिममधली नवीन काढून घेतली. अकरा नोंदी होत्या. ज्यांचं लोन अजून चालू आहे त्यांनी ही यादी आजच मागून ठेवा, खरंच.

2 जूनला मेसेज आला, पेपर तयार आहेत. 6 जूनला दोघंही गेलो कारण लोन दोघांच्या नावावर, एकटं गेलं तर दुसऱ्याचं ऑथोरिटी लेटर लागतं आणि त्यातली सही जुळली नाही की परत पाठवतात. दोघांचं ओरिजनल आधार आणि पॅन न्या. कोपरखैरण्याहून ठाणे लोकल पकडली, ठाण्याला पुलावरून वेस्टला बाहेर आणि तिथून रिक्षा. सकाळी लवकर जा कारण मोजायला वेळ लागतो, आम्हाला दीड तास लागला.

काउंटरवरच्या मॅडमनी जाड पाकीट पुढे केलं आणि सोबत छापील पावती, "सर्व कागदपत्रे सुस्थितीत मिळाली", सही इथे करा. मागे लाइन होती. हे पेन काढायला लागले तेवढ्यात मी म्हटलं, अहो थांबा, आधी यादी लावू. बाजूच्या टेबलावर बसलो आणि एकेक नोंद मोठ्याने वाचत गेलो. अ‍ॅग्रीमेंटचं नुसतं पहिलं पान बघून टिक करू नका. रजिस्टर झालेल्या दस्ताच्या प्रत्येक पानावर सब-रजिस्ट्रारचा शिक्का असतो, त्यात ऑफिसचं छोटं नाव, आमच्याकडे टनन, मग दस्त नंबर, आणि पान किती पैकी कितवं. आमचं 38 पानांचं होतं, 38 मोजली. शेवटची फोटो आणि अंगठ्याची पानं तर नक्की बघा, स्कॅन करताना फाइल सोडली की तीच सुटतात.

अ‍ॅग्रीमेंट, सूची दोन, सिडकोची ट्रान्सफर ऑर्डर, शेअर सर्टिफिकेट, सगळं होतं. पण नंबर सात, आधीच्या मालकाच्या अ‍ॅग्रीमेंटची ओरिजनल रजिस्ट्रेशन पावती, पाकिटात नाही. मॅडम म्हणाल्या, "ताई, साधी पावती आहे हो ती, अ‍ॅग्रीमेंट मिळालं ना. सही करा, सापडली की कुरिअर करतो."

साधी नाही ती. उद्या घर विकायचं झालं तर घेणाऱ्याची बँक सिडकोपासून आमच्यापर्यंतची सगळी साखळी ओरिजनलमध्ये मागणार, आणि एक कडी नसली की पोलिसात हरवल्याची नोंद, पेपरात जाहीर नोटीस, सब-रजिस्ट्रारकडून सर्टिफाइड कॉपी, हे सगळं आपल्या मागे. आणि आपण "सर्व मिळाली" वर सही करून बसलेलो असलो तर बँकेने हरवलं हे सिद्ध कसं करणार? मी शांतपणे सांगितलं की दहा पेपर मी आज घेते पण पावतीवर लिहून. दोन्ही कॉप्यांवर पेनाने लिहिलं, "अनुक्रमांक 7 मिळाला नाही, बाकी 10 मिळाले", खाली आमच्या सह्या, तारीख, आणि मॅडमचीही सही आणि शिक्का. त्या आधी नको म्हणत होत्या, मग आतल्या साहेबांना विचारून आल्या आणि केली. बाहेर येऊन चहा घेता घेताच त्या पावतीचा फोटो लावून ब्रँच आणि बँकेच्या तक्रार विभागाला मेल टाकला, त्यात 14 मे ही फेडीची तारीख आणि 13 जूनला 30 दिवस संपतात एवढंच लिहिलं. भांडण नाही, नुसत्या तारखा.

पाचव्या दिवशी फोन, सापडली. 11 जूनला तिसरी फेरी, पावती हातात, तेव्हा कुठे पूर्ण मिळाल्याची सही केली. सापडलीच नसती तर सर्टिफाइड कॉपी काढायला मदत करायची आणि त्याचा खर्चही बँकेनेच करायचा असा नियम आहे, फक्त त्यासाठी त्यांना अजून 30 दिवस मिळतात, म्हणजे रोजची भरपाई 60 दिवसांनंतर मोजायची. बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. लोन हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर मात्र नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर.

पेपर आले म्हणून बोजा गेला असं नाही. बँकेने आपलं घर सरसाय नावाच्या केंद्रीय रजिस्टरमध्ये गहाण म्हणून नोंदवलेलं असतं आणि ते काढायचं कामही त्यांचंच. बँकेकडून सिक्युरिटी इंटरेस्ट आयडी, म्हणजे त्या नोंदीचा नंबर, मागून घ्या, पत्त्यावरून शोधलं तर स्पेलिंगमुळे सापडत नाही. cersai.org.in वर दहा रुपये आणि वर टॅक्स भरून सर्च होतो. मी 20 जूनला केला, तर बोजा तसाच! पुन्हा मेल, आयडी आणि स्क्रीनशॉटसकट, आणि आठवड्याने गेला.

माझ्या नणंदेचं ऐरोलीचं लोन 2016 चं, तिच्याकडे एक गोष्ट जास्त आहे. महाराष्ट्रात 2013 पासून पेपर ठेवून लोन घेतलं की सब-रजिस्ट्रारकडे नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर गहाण ठेवल्याची सूचना, फाइल होते. तेव्हा 2013 नंतरचं लोन असेल तर त्याचं पुढे काय करायचं, बँक काय कागद देणार, हे क्लोजरच्या अर्जातच विचारून घ्या.

राहिलं सोसायटीचं. लोन घेताना सोसायटीने बँकेचा बोजा लिहून घेतलेला असतो, तो काढायला बँकेच्या एनओसीची झेरॉक्स आणि एक अर्ज सेक्रेटरींना दिला, ओरिजनल एनओसी दिली नाही, कारण पुढे सिडकोच्या ट्रान्सफरला तीच लागेल. आमचे सेक्रेटरी काका म्हणाले पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये नोंद करतो, मी अर्जाच्या कॉपीवर त्यांची पोच घेतली आणि फाइलला लावून ठेवली.