झिरो झाला, पण कुणाचा?

"सर, ९० टक्के ऑप्शन झिरो होतात म्हणे, मग आपण सरळ सेलिंगच का करू नये?"

तुम्ही विचारलंत म्हणून एक खरा आठवडा सांगतो, जून २०२४ चा, लोकसभेच्या निकालाचा. ६ जूनच्या गुरुवारी संपणारा निफ्टीचा २२,५०० चा पुट घ्या. सोमवारी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी २३,२६३ ला बंद, म्हणजे हा पुट साडेसातशे पॉइंट लांब, आणि आमच्या लातूरच्या मोंढ्यात चहा पिणारे सगळेच म्हणायले की विका डोळे झाकून, झिरोच होणारय.

तर झाला की झिरो! गुरुवारी निफ्टी २२,८२१ ला, म्हणजे २२,५०० च्या वरच बंद झाला. हिशोबात नोंद काय, तर बायरचा पैसा गेला, सेलरनं अख्खा प्रीमियम खाल्ला.

आता मधला मंगळवार बघा. निकालाच्या दिवशी निफ्टी २१,२८१ पर्यंत आपटला आणि २१,८८४ ला बंद झाला. म्हणजे बंद भावालाच या पुटमध्ये ६१५ पॉइंट होते आणि तळाला १,२०० च्या वर, तेव्हा लॉट २५ चा होता, म्हणजे लॉटमागं तीस हजार, त्यातून सेलरला मिळालेला प्रीमियम वजा करा. आपल्याकडं निफ्टीचा ऑप्शन एक्सपायरीच्या आधी एक्सरसाइज करता येत नाही, पण विकता तर कधीपण येतो ना. मंगळवारी ज्यानं विकला तो बायर कमवून घरी गेला, अन् ज्या सेलरचं मार्जिन कमी पडलं आणि तिथंच पोझिशन कापावी लागली त्याचा लॉस पक्का झाला, गुरुवारी पुट झिरो झाला त्याचा त्याला काय उपयोग राव. गुरुवारच्या आकड्यात हे दोघंही नाहीत. तो आकडा फक्त शेवटी कॉन्ट्रॅक्ट कुणाकडं उरलं ते मोजतो, आणि त्यानं ते मंगळवारनंतर स्वस्तात घेतलेलं असू शकतं.

दुसरं म्हणजे किती वेळा जिंकला आणि किती पैसे जिंकला हे वेगळं. नऊदा २० पॉइंट मिळाले, १८० झाले, दहाव्यांदा ३०० गेले. जिंकायचं प्रमाण ९० टक्के, खातं मात्र मायनस.

म्हणून बायिंग भारी असं मी म्हणत नाहीये हां, तिथं रोज प्रीमियम झिजतो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर लॉसमध्ये निघाले, पण ते माणसांचं मोजमाप आहे, एफअँडओमधले बायर-सेलर सगळे त्यात आले, लोक ते उचलून ऑप्शन झिरो होण्याला चिकटवतात.

सेलिंग करायचंच असेल तर पहिले तुमच्या पीअँडएल रिपोर्टमधला सगळ्यात मोठा एक लॉस काढा, मग बघा तो भरून काढायला किती एक्सपायऱ्यांचा प्रीमियम लागला ते.