तीन मॅन्युअल, एक कोटेशन: रिपिटिशनवाल्या तांत्रिक मजकुराचा हिशेब

रबाळे एमआयडीसीतल्या एका हायड्रॉलिक प्रेस बनवणाऱ्या कंपनीचं काम होतं. 40, 60 आणि 100 टनी अशा तीन प्रेसची ऑपरेशन आणि मेंटेनन्सची इंग्रजी मॅन्युअल मराठीत हवी होती. प्रत्येकी साधारण 210 पानं, म्हणजे एकूण 630. परचेसमधल्या साहेबांचं पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, तिन्ही सेमच आहेत हो, फक्त टनेज वेगळं. एकाचेच पैसे लावा." त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण त्यातलं किती बरोबर, हे मोजल्याशिवाय आकडा द्यायचा नव्हता.

त्यांनी आधी पीडीएफ पाठवल्या होत्या. त्या वर्डमध्ये बदलून मोजल्या तर 68,900 शब्द आले. मूळ वर्ड फाइल मागून घेतल्या तेव्हा तोच मजकूर 60,000 निघाला. मधले 8,900 शब्द गेले कुठे? पीडीएफ बदलताना प्रत्येक पानाचा हेडर-फूटर मुख्य मजकुरात उतरतो. कंपनीचं नाव, मॉडेल, डॉक्युमेंट नंबर, रिव्हिजन असे पानामागे 14 शब्द, गुणिले 630 पानं, म्हणजे 8,820. फरक जवळपास सगळा इथेच होता. हेडर भाषांतरित करायचा एकदाच, पण मोजला गेला असता 630 वेळा.

पीडीएफची दुसरी खोड जास्त महागात पडते. ओळ जिथे संपते तिथे परिच्छेद संपला असं समजून वाक्याचे दोन तुकडे होतात. 40 टनीच्या मॅन्युअलमध्ये वाक्य "प्रेशर"पाशी तुटतं, 60 टनीत तेच "रिलीफ"पाशी, मग मोजणाऱ्या भाषांतर-सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन वेगळी वाक्यं. पीडीएफवरून काढलेल्या अहवालात रिपिटिशन, म्हणजे तंतोतंत परत आलेल्या वाक्यांतले शब्द, 24,000 दिसत होतं, पण त्यात 8,800 हेडरचेच. खरं मजकुरातलं उरलं 15,200. वर्ड फाइलमध्ये तेच 27,000 निघालं. ओळखायची खूण सोपी आहे: सेगमेंटच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने पाडलेल्या वाक्यांच्या, यादीत लहान अक्षराने सुरू होणारी वाक्यं ढिगाने दिसली की फाइल तुटलेली आहे. तशा फाइलवर कोटेशन देऊ नये. मूळ फाइल मिळतच नसेल, तर साफसफाईचे पैसे वेगळे लावावेत.

मोजणी ट्राडोस स्टुडिओ या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. तिन्ही फाइल एकाच प्रोजेक्टमध्ये, ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे आधी केलेल्या भाषांतराचा साठा, कोरी, कारण कंपनीकडे जुनं मराठी भाषांतर काहीच नव्हतं. Analyze Files चालवण्याआधी सेटिंगमध्ये दोन खुणा केल्या: Report cross-file repetitions आणि Report internal fuzzy match leverage. पहिली खूण केली नाही तर एका फाइलमधलं वाक्य दुसऱ्या फाइलमध्ये परत आलंय हे वेगळं कळत नाही. दुसरी केली नाही तर मेमरी कोरी असल्यामुळे मिळतीजुळती वाक्यंही सगळी नवीन म्हणून मोजली जातात, आणि गिऱ्हाईकाला उगाच जास्त आकडा जातो.

अहवाल असा आला: फाइलच्या आतलं रिपिटिशन 7,000, एका फाइलमधून दुसरीत आलेलं 20,000. मग 95 ते 99 टक्के जुळणारे 6,000 शब्द, 85 ते 94 चे 5,000, 75 ते 84 चे 4,000, 50 ते 74 चे 6,000 आणि पूर्ण नवे 12,000. बेरीज 60,000. म्हणजे साहेबांचं "सेमच आहेत" हे निम्म्याहून थोडं कमी खरं होतं.

आता जुळणीच्या या प्रत्येक पट्ट्याला किती टक्के भाव, हा खरा वाटाघाटीचा भाग. सगळ्यांनी मान्य केलेला एकच तक्ता नाही, प्रत्येक एजन्सीचा आपापला असतो. इथे रिपिटिशनला 20 टक्के, 95च्या पट्ट्याला 40, 85ला 60, 75ला 80 आणि त्याखालच्या सगळ्याला पूर्ण भाव धरला. एक्सेलमध्ये एका रकान्यात शब्द, शेजारी दर:

```
रिपिटिशन   27000   0.2
95-99       6000   0.4
85-94       5000   0.6
75-84       4000   0.8
50-74       6000   1
नवे        12000   1

=SUMPRODUCT(B1:B6,C1:C6)
```

उत्तर 32,000. हे भारित शब्द, म्हणजे मेहनतीच्या हिशेबात हे काम 32,000 नव्या शब्दांएवढं. इंग्रजी ते मराठी तांत्रिक मजकुराला शब्दामागे अडीच रुपये धरले, तर 80,000 रुपये. सरसकट भावाने हेच दीड लाख झालं असतं.

50 ते 74ला सूट का नाही, हे प्रत्येक वेळी विचारलं जातं. एवढं कमी जुळणारं वाक्य दुरुस्त करायला घेतलं तर मराठीत क्रियापद शेवटी, विशेषणाचं लिंग वेगळं, विभक्ती वेगळी. जुनं वाचून, खोडून, परत लिहिण्यापेक्षा सरळ नवं लिहिलेलं लवकर होतं.

रिपिटिशन फुकट का नाही, हा त्याहून मोठा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मराठीच्या व्याकरणात आहे. मेंटेनन्सच्या तक्त्यात दोष सांगणारा "वॉर्न" हा एकच शब्द तिन्ही मॅन्युअलमध्ये मिळून शंभराहून अधिक वेळा होता. इंग्रजीत तो बदलत नाही. मराठीत पट्टा झिजलेला, साखळी झिजलेली, बेअरिंग झिजलेलं. सॉफ्टवेअरने पहिल्या ठिकाणचं "झिजलेला" सगळीकडे भरलं की साखळी झिजलेला होते, आणि शॉप फ्लोअरवरचा माणूस पहिल्याच पानावर हसतो. "ओपन"चं तर आणखी अवघड. स्क्रीनवरच्या बटणावर ते "उघडा", व्हॉल्व्हच्या स्थितीच्या रकान्यात "उघडा/उघडी/उघडं" यांतलं एक, आणि इलेक्ट्रिकल ड्रॉइंगमध्ये नॉर्मली ओपन कॉन्टॅक्ट म्हणून ते तसंच ठेवायचं. म्हणून एक-दोन शब्दांच्या रिपिटिशनवर आपोआप भरणं बंद ठेवून प्रत्येक जागा डोळ्यांखालून घातली. पूर्ण वाक्य असेल तर धोका कमी, पण तिथेही मागचा-पुढचा संदर्भ बघायला वेळ जातो. त्या वेळेचे हे 20 टक्के.

उलट बाजूने, वरच्या पट्ट्यातली वाक्यं दिसतात स्वस्त पण तीच अंगाशी येतात. 40 टनीत लिहिलं होतं की मोटर बंद असताना सिलिंडरमधली हवा काढा. 100 टनीत तेच लांबलचक वाक्य, फक्त बंदच्या जागी चालू. दहा-बारा शब्दांत एक शब्द वेगळा, म्हणून सॉफ्टवेअर जुनं भाषांतर समोर ठेवतं, आणि दिवसाअखेरीस थकलेला माणूस ते तसंच मान्य करून पुढे जातो. डावा-उजवा गाईड बोल्टही याच जातीचा. या पट्ट्याला शून्य किंवा दहा टक्के कबूल करणाऱ्याने ती वाक्यं नीट वाचायची अपेक्षा ठेवू नये.

मोजणीत न आलेलं एक राहिलं: चित्रांमधला मजकूर. 90 ड्रॉइंग होती, बाण काढून भागांची नावं थेट चित्रात लिहिलेली. ट्राडोसच्या मोजणीत ती आली नाहीत. हाताने मोजली, सरासरी 12 शब्द, म्हणजे 1,080. त्यांचे 2,700 रुपये पूर्ण भावाने. नावं दोन रकान्यांच्या एक्सेलमध्ये देणार, चित्रात बसवायचं काम त्यांच्या ड्राफ्ट्समनचं, हे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं. पानांची मांडणी पानामागे 40 रुपयांनी 25,200. ही मांडणी रिपिटिशनने स्वस्त होत नाही. 630 पानं म्हणजे 630 पानंच, उलट देवनागरीला ओळीची उंची जास्त लागते म्हणून तक्ते पानाबाहेर जातात. एकूण झाले 1,07,900.

वेळ काढताना भारित शब्दच धरले. चित्रांसह 33,000, रोज 2,000, म्हणजे 17 दिवस. त्याआधी दोन दिवस शब्दसंग्रह करायला आणि दोन दिवस तो कंपनीच्या सर्व्हिस इंजिनियरकडून पास करून घ्यायला. सीलला सील आणि बुशला बुश राहणार हे आधी ठरलं नाही तर 27,000 शब्दांचं रिपिटिशन 27,000 शब्दांची दुरुस्ती होऊन बसतं. दुसऱ्या माणसाचं वाचन मात्र भारित शब्दांवर चालत नाही. त्याला 60,000 शब्द पुढ्यात आहेत, रोज 10,000 धरले तरी सहा दिवस. त्यातले चार दिवस भाषांतर चालू असतानाच उरकतात, दोन शेवटी जोडायचे. मांडलेली पानं तपासायला चार दिवस. बेरीज 27, वर तीन दिवस हाताशी. आठवड्याचे सहा दिवस धरून पाच आठवडे.

"बारा दिवसांत द्या, तीन माणसं लावा," अशी मागणी आलीच. इथे कागदावर आकडे मांडून दाखवले. तिन्ही मॅन्युअल तीन जणांनी एकाच वेळी आपापल्या मेमरीवर सुरू केली, तर प्रत्येकाला ते वाक्य पहिल्यांदाच भेटतं. फाइलमधून फाइलमध्ये जाणारं 20,000 शब्दांचं रिपिटिशन संपतं, ते पूर्ण भावात येतं. 32,000चे 48,000 होतात, 80,000चे 1,20,000. मिळतीजुळती वाक्यंही काही नव्यांत जातात, म्हणजे हा कमीत कमी आकडा. शिवाय एकाच भागाला तीन मॅन्युअलमध्ये तीन नावं. साहेबांनी कागद उलटून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे घाई केली तर सेम असल्याचा फायदाच गेला."

शेवटी टप्प्याने द्यायचं ठरलं. 40 टनी आधी, मग बाकी दोन. पण पहिल्या मॅन्युअलमध्येच 16,000 भारित शब्द येतात, कारण नवीन वाक्यं आधी त्यात मोजली जातात. पानं एक तृतीयांश, भाषांतराचे पैसे आणि वेळ निम्मे. हे कोटेशनमध्येच लिहिलं आणि पहिल्या डिलिव्हरीला निम्मी रक्कम लावली. त्याखाली आणखी दोन ओळी: भाव तिन्ही मॅन्युअल मिळून आहे, मधलं एक काढलं तर पुन्हा मोजणी होईल, आणि फाइलची रिव्हिजन 2 गोठवलेली आहे, रिव्हिजन 3 आली तर तयार मेमरीवर नव्याने अहवाल काढून बदललेल्या शब्दांचे पैसे वेगळे.

रिव्हिजन 3 नवव्या दिवशी आली. मेमरीवर चालवली तेव्हा 1,400 शब्द नवे निघाले, सगळे सेफ्टी कर्टनच्या प्रकरणातले. 3,500 रुपये आणि एक दिवस वाढवून मागितला. खाली सहीची ओळ आधीच होती, त्यामुळे फोन दोन मिनिटांत संपला.