तीन नमस्कार, सहा प्रश्नचिन्हं

आमच्या वाशीच्या ऑफिसात कस्टम क्लिअरिंगचं काम चालतं, म्हणजे न्हावाशेवाला उतरलेला कंटेनर पार्टीच्या गोडाऊनपर्यंत पोचेस्तोवर मध्ये जेवढी म्हणून कटकट असते ती सगळी आमची. आधी हे सगळं व्हॉट्सअॅपवर चालायचं. मग एका शिपिंगवाल्यांनी त्यांचं पोर्टल आणलं आणि म्हणाले आता जे काय विचारायचं ते इथे लिहून विचारा. आमच्या ज्युनियर मुलीने माल सोडवायच्या कागदासाठी, म्हणजे डीओसाठी, सवयीने लिहिलं, ‘सर डीओ कधी मिळेल’ आणि पुढे तीन हात जोडलेले, तेही तिच्या आवडीच्या गव्हाळ रंगाचे. पलीकडच्या माणसाला स्क्रीनवर काय दिसलं? ‘सर डीओ कधी मिळेल ??????’

सहा प्रश्नचिन्हं! आता असं कोणी विचारलं तर आपण काय समजणार, की बाई चिडलीय. त्याने उत्तर दिलं, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ बास. एरवी गोड बोलणारा माणूस.

नंतर आमच्या आयटीवाल्या मुलाने कारण सांगितलं. काही जुन्या डेटाबेसमध्ये एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइटची जागा ठेवलेली असते. देवनागरी अक्षर तीन बाइटमध्ये बसतं म्हणून मराठी नीट दिसतं, इमोजीला मात्र चार लागतात, मग त्या जागी प्रश्नचिन्ह येतं. आणि हाताला रंग दिला की तो रंग वेगळा कॅरेक्टर म्हणून जातो, म्हणून तीन नमस्कारांचे सहा प्रश्न झाले. (पिवळेच ठेवले असते तर निम्म्यात भागलं असतं.)

झालं, साहेबांचं फर्मान निघालं की पोर्टलवर आणि ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर इमोजी नको, प्लझ नको, एएसएपी-ईओडी नको, माणसासारखं पूर्ण लिहा. आणि इथे खरी गंमत सुरू झाली, कारण ‘पूर्ण लिहा’ म्हटलं की आपल्या लोकांच्या अंगात तलाठी संचारतो. जी मुलगी काल ‘दादा गाडी कुठाय प्लझ सांगा’ लिहीत होती तीच दुसऱ्या दिवशी ‘सदर वाहनाची सद्यस्थिती तात्काळ कळवावी’ लिहायला लागली. ट्रान्सपोर्टवाल्या दादांचा मला फोन, मॅडम काय झालं, माझं बिल अडकवलंय का कोणी?

म्हणजे बघा, मेसेजमध्ये चूक काहीच नव्हती, पण माणूस घाबरला. मेसेज कोरडा झालाय हे कळायची माझ्या मते हीच सगळ्यात पक्की खूण आहे. समोरचा उत्तर लिहायच्या ऐवजी फोन करून ‘सगळं ठीक आहे ना’ विचारतो.

मग मी विचार करत बसले की ते हात जोडलेले नेमकं काय काम करत होते. तर बरंच करत होते. तुम्हाला त्रास देतेय हे मला माहितेय, मी हुकूम सोडत नाहीये, आणि जमलं तर आत्ता बघा, असं सगळं त्या एका चित्रात होतं. चित्र काढलं की हे सगळं एकदम गळतं आणि उरतो नुसता प्रश्न. त्या जागी ‘कृपया’ घातलं तर काहीच भरून निघत नाही, कारण ‘कृपया’ म्हटलं की आपल्याला रेल्वेची अनाउन्समेंट ऐकू येते. पण हेच काम आपण फोनवर बोलताना रोज करतो की, तिथे कुठे हात जोडून दाखवतो? तिथे आपण ‘जरा’ म्हणतो, ‘तेवढं’ म्हणतो, शेवटी ‘ना’ लावतो, आणि मुख्य म्हणजे का विचारतोय ते सांगतो.

मग आम्ही दोघींनी बसून तो गाडीचा मेसेज परत लिहिला. पहिल्यांदा असा झाला: ‘दादा, गाडी कुठे आहे ते जरा सांगा ना.’ बरा होता, पण एएसएपी काढल्यामुळे घाई कुठेच दिसत नव्हती. मी तिला विचारलं, तुला घाई का आहे? ती म्हणाली, सीएफएसच्या यार्डातून आज माल बाहेर काढून रिकामा कंटेनर परत गेला नाही तर उद्यापासून डिटेन्शनचा दंड लागेल, फ्री डेज आज संपतायत. अगं मग हेच लिही की! शेवटी मेसेज असा गेला: ‘दादा, गाडी करळ फाट्याच्या पुढे आली का? आपले फ्री डेज आज संपतात, रिकामा कंटेनर रात्रीच्या आत परत गेला पाहिजे. तेवढं ड्रायव्हरला विचारून सांगा ना.’ दादांनी चार मिनिटांत उत्तर दिलं, ‘जासईला ट्रॅफिकमध्ये आहे, तासाभरात लागेल.’

यात एएसएपी नाही तरी घाई आहे, कारण घाईचं कारण आहे. खरं सांगू का, एएसएपी हा शब्द आमच्या धंद्यात सगळ्यांनी इतका वापरलाय की त्याला आता कोणी भीक घालत नाही. डिटेन्शन म्हटलं की मात्र सगळे ताठ बसतात, तिथे पैसे जातात ना. ईओडीचंही तसंच. आमचा दिवस साडेसहाला ठाण्याची लोकल पकडली की संपतो, ट्रान्सपोर्टवाल्यांचा तेव्हा कुठे सुरू होतो कारण ठाण्याच्या बाजूला मोठ्या गाड्यांना दिवसा बंदीचे तास असतात, मग एन्ड ऑफ डे म्हणजे कोणाच्या डेचा एन्ड? ‘संध्याकाळी सहापर्यंत’ लिहिलं की विषय संपला.

पण इथे काही जणांनी अतिशहाणपणा केला. शॉर्टफॉर्म नको म्हटल्यावर त्यांनी डीओचं ‘डिलिव्हरी ऑर्डर’ केलं, सीएफएसचं ‘कंटेनर फ्रेट स्टेशन’, बीएलचं ‘बिल ऑफ लेडिंग’. वाचताना असं वाटायचं की परीक्षेचा पेपर लिहितायत. अहो, ती त्या वस्तूंची नावं आहेत! न्हावाशेवाच्या गेटवरचा माणूसपण डीओच म्हणतो. शॉर्टफॉर्म काढायचा की ठेवायचा हे मी एकाच गोष्टीवर ठरवते, की तो शब्द आम्ही तोंडाने बोलतो का. डीओ बोलतो, बीएल बोलतो, म्हणून ठेवायचा. ‘पीएफए’ कोणी कोणाला फोनवर म्हणत नाही, तिथे ‘फाइल जोडलीय’ लिहायचं, त्यात काही फार बोटं झिजत नाहीत. प्लझ आणि थँक्सचा टीएचएक्स ही सगळी एसएमएसच्या काळातली काटकसर, तेव्हा एका मेसेजमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसायची आणि मराठीत लिहिलं तर फक्त ७०. आता कसली काटकसर करताय, दिवसाला दहा गुड मॉर्निंगचे फोटो पाठवता तुम्ही.

अंगठ्याचं प्रकरण वेगळं आहे. तो काढायला मला सगळ्यात कमी वाईट वाटलं. कॅनडात सॅस्कॅचेवान प्रांतात २०२३ मध्ये एका कोर्टाने निकाल दिला की धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो मेसेजवर पाठवला आणि शेतकऱ्याने नुसता अंगठा पाठवला तरी ती सही धरली जाईल. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की अंगठा म्हणजे मला मेसेज मिळाला एवढंच. त्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर भरपाई बसली. आमच्याकडे कोर्टापर्यंत काही जात नाही, पण ‘उद्या सकाळी डॉक्युमेंट घेऊन बेलापूरला जाशील?’ याला अंगठा आला आणि सकाळी बेलापूरला कोणीच नाही, हे आमच्या ऑफिसात अनेकदा झालंय.

आणि मराठीत याला इतका सोपा उपाय आहे की हसू येतं. एक क्रियापद. ‘बघितलं.’ ‘करतो.’ ‘चालेल.’ ‘जाते सकाळी.’ कोण करणार, झालंय की व्हायचंय, सगळं एका शब्दात आलं, अंगठ्यापेक्षा कितीतरी जास्त. फक्त एकट्या शब्दापुढे पूर्णविराम देताना जपून. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ च्या सुमाराला एक अभ्यास झाला होता, त्यात मेसेजवरच्या एका शब्दाच्या उत्तराला पूर्णविराम असेल तर लोकांना ते कमी मनापासूनचं वाटलं होतं. आमच्या साहेबांचं ‘ठीक.’ आलं की मलाही पोटात गोळा येतो, त्याला अभ्यासाची गरज नव्हती. ‘ठीके, बघतो’ आलं की श्वास परत सुरू.

आता हे सगळं आमच्या ज्युनियर मुलीला इतकं पटलं की तिने प्रत्येक मेसेजमध्ये जरा, तेवढं, प्लीज, ना, हं सगळंच ओतायला सुरुवात केली. ‘सर जरा प्लीज तेवढं बीएल बघाल का ना.’ हे वाचून वाटतं की बीएल नाही, मूत्रपिंड मागतेय. एका मेसेजला एखाद-दुसरा पुरतो. आणि कुठला कोणाला चालतो हे बघावं लागतं. ‘ना’ ट्रान्सपोर्टवाल्या दादांना छान, पण साहेबांना ‘सही करा ना’ म्हटलं की लाडात आल्यासारखं वाटतं, तिथे नुसतं ‘सर, सही करता का?’ पुरे, तो प्रश्नच मऊ आहे. हाच ‘ना’ झालेल्या गोष्टीला लावला की एकदम आरोप होतो, ‘मी काल पाठवलं होतं ना’, आता हे कितीही प्रेमाने लिहा, भांडणच वाटतं. त्यापेक्षा ‘काल दुपारी पाठवलंय, सापडत नसेल तर परत पाठवते’ लिहिलेलं बरं. आणि ‘हं’ तर वयाचं बघूनच वापरायचा. आमच्या अकाउंट्सच्या काकांनी ‘उद्या वेळेवर या हं’ लिहिलं तर माया वाटते, तेच मी काकांना लिहिलं तर ती धमकी झाली.

हसून डोळ्यात पाणी आलेला जो चेहरा आहे ना, त्याला मात्र मला शब्द मिळाला नाही आणि मी शोधणंही सोडलं. ‘गंमत करतेय’ लिहिलं की गंमत मेलीच. टोमणा तर चेहऱ्याशिवाय सरळ अपमान होऊन पोचतो, तोही पोर्टलवर, तारीख-वेळेसकट कायमचा. म्हणून ग्रुपवर विनोद बंद. एक वाजता डबे उघडले की तिथे काय बोलायचं ते बोला, शिपिंगवाल्यांची नक्कल पण तिथेच करा, आमचे अकाउंट्सचे काका ती फार भारी करतात.