मुदत टळली म्हणून ऑर्डर रद्द करता येते का? आमच्या प्री-कूलिंग युनिटचा अनुभव

आमची शेतकरी उत्पादक कंपनी निफाड तालुक्यात आहे आणि सभासदांची बहुतेक द्राक्षं निर्यातीला जातात. तोडलेल्या मालातली उष्णता काही तासांत काढली नाही तर देठ सुकतात, मणी गळतात आणि परदेशात पेटी उघडली की माल नाकारला जातो. म्हणून आम्ही स्वतःचं प्री-कूलिंग युनिट आणि त्याला जोडून एक कोल्ड रूम उभारायचं ठरवलं. पुरवठादाराला ४८ लाखांची वर्क ऑर्डर दिली आणि ३० टक्के, म्हणजे १४ लाख ४० हजार रुपये आगाऊ भरले. युनिट १५ डिसेंबरपर्यंत चालू करून द्यायचं होतं, कारण आमच्याकडे निर्यातीची तोड जानेवारीत सुरू होते.

पुढे जे झालं त्यात कंपनीच्या वतीने सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे होता. उशीर झाला की करार आपोआप मोडतो, असं आमच्या संचालकांपैकी बहुतेकांना वाटत होतं. कायदा तसं म्हणत नाही. रद्द करण्याचा हक्क मिळतो, टिकतो किंवा हातातून जातो, ते उशीर झाल्यानंतर दोन्ही बाजू कशा वागतात यावर ठरतं.

वर्क ऑर्डरच्या सातव्या कलमात स्पष्ट लिहिलेलं होतं की, ठरलेली मुदत हा या कराराचा गाभा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधलं कलम ५५ इथे लागू होतं. मुदत हा गाभा असेल आणि ती पाळली गेली नाही, तर दुसऱ्या बाजूला राहिलेला करार रद्द करता येतो. गाभा नसेल तर रद्द करता येत नाही, फक्त उशिराने झालेलं नुकसान मागता येतं. आम्हाला वाटलं, सातवं कलम आहे म्हणजे प्रश्न मिटला. आमच्या वकील मॅडमनी मात्र लगेच नववं आणि अकरावं कलम समोर ठेवलं. नवव्यात उशिराच्या दर आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के भरपाई ठरलेली होती. अकराव्यात लेखी अर्ज केल्यास मुदत वाढवून देण्याची तरतूद होती.

मॅडम म्हणाल्या, "दादा, उशिराचा दर आधीच ठरवलाय आणि मुदत वाढवायची सोयही ठेवलीय. मग कोर्ट विचारेल, की उशीर चालणार हे तुम्ही आधीच धरून चालला होतात ना? नुसतं 'गाभा' लिहून भागत नाही."

त्यांनी दाखवलेला निकाल आमच्याच जिल्ह्यातल्या कामाचा निघाला. नाशिक डाव्या कालव्यावर आळंदी नदीवरून जलसेतू बांधायचं काम सरकारने एका ठेकेदाराला १९५५ साली बारा महिन्यांच्या मुदतीवर दिलं होतं. काम वेळेत झालं नाही म्हणून सरकारने ठेका रद्द केला. हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७९ साली निकाल ठेकेदाराच्या बाजूने लागला. करारात दंडाची आणि मुदतवाढीची तरतूद होती, त्यामुळे मुदत हा त्याचा गाभा धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. आणि मूळ मुदत गेल्यावर सरकारने नवी वाजवी तारीख ठरवून नोटीस द्यायला हवी होती, ती न देता थेट रद्द करणं चूक ठरलं. सरकारसारखा पक्ष ज्या मुद्द्यावर हरला, तोच मुद्दा आमच्या फाईलमध्ये होता.

आमच्या बाजूने एक गोष्ट भक्कम होती, ती म्हणजे हंगाम. व्यापारी व्यवहारात माल देण्याच्या तारखेला कोर्टं सहसा महत्त्व देतात. जमीन किंवा घराच्या व्यवहारात मुदत हा गाभा आहे असं आधीपासून धरलं जात नाही, तसं इथे नसतं. शिवाय वर्क ऑर्डरच्या पहिल्याच परिच्छेदात निर्यात हंगामाचा उल्लेख होता. म्हणजे उशीर झाला तर आमच्या हातात काय उरेल, हे पुरवठादाराला सही करतानाच माहीत होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला पुरवठादाराने कंप्रेसर वेळेत मिळत नसल्याचं कळवून मुदत मागितली. आम्ही १० जानेवारीपर्यंत दिली. तोड तेव्हा नुकतीच सुरू होणार होती, आणि नव्या माणसाकडे गेलो असतो तर त्याहून उशीर झाला असता. ते पत्र मॅडमनी फार विचार करून लिहिलं. फक्त तारीख बदलत आहे, सातव्या कलमासह बाकी सर्व अटी कायम राहतील, आणि १० जानेवारी ही तारीखही कराराचा गाभाच समजली जाईल, असं त्यात होतं. नुसतं "ठीक आहे, जानेवारीत करा" असं मेसेजवर कळवलं असतं, तर मुदतीचा धाक तिथेच संपला असता. निश्चित तारखेपर्यंत दिलेली वाढ वेगळी आणि मोघम सवलत वेगळी. पहिलीने गाभा नव्या तारखेवर सरकतो, दुसरीने तो बहुधा निघूनच जातो.

१० जानेवारी उलटली. त्या दिवसांत आमचे अध्यक्ष अण्णा आणि पुरवठादाराचे इंजिनिअर यांच्यात फोन चालूच होते, कंप्रेसर कुठे पोचला, फिटर कधी येणार. २० तारखेला भिंतींची इन्सुलेटेड पॅनेलं घेऊन ट्रक आला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण हा होता. पॅनेलं नाकारावीत तर कामच थांबणार. उतरवून घ्यावीत तर उशीर आपण चालवून घेतला असं दिसणार.

कलम ५५चा तिसरा परिच्छेद फार कमी लोकांना माहीत असतो. मुदत टळल्यामुळे रद्द करायचा हक्क मिळालेला असताना तुम्ही उशिराची पूर्तता स्वीकारली, तर उशिराबद्दलची भरपाईसुद्धा मागता येत नाही. ती मागायची असेल तर स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. नंतर पाठवलेलं कडक पत्र त्याची जागा घेत नाही. म्हणून आमच्या स्टोअरकीपरने डिलिव्हरी चलनाच्या दोन्ही प्रतींवर सहीच्या वर लिहिलं: "माल मुदतीनंतर मिळाला. विलंबाच्या भरपाईचा व करारातील इतर सर्व हक्क राखून स्वीकारला." ड्रायव्हरची सही घेतली आणि त्याच दिवशी चलनाचा फोटो ईमेलने पाठवला.

तरीही १० ते २० जानेवारीमधले फोन आणि स्वीकारलेली पॅनेलं पाहता, आता लगेच रद्द करणं धोक्याचं आहे असं मॅडमचं मत पडलं. मुदतीचा गाभा ढिला पडला असेल तर तो नोटीस देऊन पुन्हा घट्ट करता येतो. अट एवढीच, की दिलेली नवी मुदत वाजवी हवी. दोन दिवसांत करा म्हटलं तर नोटीसच कमकुवत ठरते. राहिलेल्या कामाला किती वेळ लागेल, हे पुरवठादाराच्याच इंजिनिअरने ईमेलवर "साधारण दोन आठवडे" असं लिहिलं होतं. तोच आकडा आम्ही धरला. २४ जानेवारीच्या नोटिशीत उरलेली कामं एकेक करून लिहिली, ७ फेब्रुवारीच्या संध्याकाळपर्यंत युनिट चालू करून द्यावं, ही मुदत कराराचा गाभा आहे, आणि ती चुकल्यास करार रद्द केला जाईल, असं स्पष्ट कळवलं. "रद्द करण्याचा विचार करावा लागेल" असली वाक्यं मॅडमनी मसुद्यातून काढून टाकली.

त्यानंतर फोनवर काम कधी होणार असं विचारणं आम्ही बंद केलं. कोणी बोललंच, तर "नोटिशीतली तारीख कायम आहे" एवढंच, आणि तेही ईमेलवर.

६ फेब्रुवारीला दुसरा ट्रक आला. त्यात कंडेन्सर युनिट होती, कंप्रेसर नव्हता. अण्णा दारात उभे राहून फोनवर विचारत होते, "उतरवू का रे?" मी मॅडमना लावला. त्यांचं उत्तर सरळ होतं. कराराची पूर्तता म्हणजे चालू युनिट, सुटे भाग नव्हेत, आणि आता काही उतरवून घेतलं तर उद्याची तारीख पुन्हा सैल होईल. ट्रक परत पाठवला आणि तासाभरात कारण लिहून ईमेल केला. हाच ट्रक कंप्रेसर घेऊन आला असता आणि ७ तारखेला युनिट थंड झालं असतं, तर रद्द करायचा हक्क संपला असता. मग हातात फक्त उशिराची भरपाई उरली असती, तीही चलनावरच्या त्या दोन ओळींच्या आधाराने.

८ फेब्रुवारीला करार रद्द केल्याचं पत्र ईमेलने आणि पोचपावतीसह टपालाने गेलं. रद्द केल्याचं समोरच्याला कळवल्याशिवाय ते लागू होत नाही, म्हणून दोन्ही पोचा फाईलला लावल्या. दुसऱ्या दिवसापासून माल भाड्याच्या प्री-कूलिंगला जाऊ लागला.

पुरवठादाराचं उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं: मुदत वाढवून दिली, पॅनेलं घेतली, म्हणजे वेळेचा आग्रह तुम्हीच सोडला. आम्ही मुदतवाढीचं पत्र, चलन आणि नोटीस अशी तीन कागदांची प्रत जोडून पाठवली.

वाद तीन लाखांवरचा आणि व्यापारी स्वरूपाचा. कोर्टाकडून तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची असते. तिथे खरी घासाघीस दोन मुद्द्यांवर झाली. करार रद्द करणाऱ्यानेही मिळालेला लाभ परत करायचा असतो. पॅनेलं दुसऱ्या कंत्राटदाराला वापरता येणार होती, म्हणून ती ठेवून त्यांची ९ लाख किंमत आम्ही मान्य केली. भाड्याच्या प्री-कूलिंगचा जादा खर्च मात्र ३ लाख १० हजार झाला होता, आणि तो पूर्ण मिळाला नाही. भरपाईचा आकडा करारातच ठरलेला असला की तो सहसा कमाल मर्यादा ठरतो. ४८ लाखांचे पाच टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. ही मर्यादा फक्त उशिरासाठी आहे, करार रद्द झाल्यानंतरच्या खर्चाला लागू नाही, असा युक्तिवाद मॅडमनी केला आणि मला तो आजही पटतो. पण तेवढ्या ७० हजारांसाठी कोर्टात जायला संचालक मंडळ तयार नव्हतं.

हिशेब असा मिटला: आगाऊ दिलेल्या १४ लाख ४० हजारांतून पॅनेलांचे ९ लाख वजा, उरले ५ लाख ४० हजार. त्यात भरपाईचे २ लाख ४० हजार मिळवून ७ लाख ८० हजार, दोन चेकने. नव्या कंत्राटदाराच्या वर्क ऑर्डरमध्ये आठवड्याच्या दंडाचं कलम ठेवलंय, पण त्याखाली एक ओळ वाढवली आहे: हा दंड घेतल्याने मुदतीचा गाभा किंवा करार रद्द करण्याचा हक्क कमी होणार नाही, आणि रद्द झाल्यानंतरच्या नुकसानीला ही मर्यादा लागू राहणार नाही.