अठरा उत्तरांवर टक्केवारी मांडून आम्ही फसलो: छोट्या सपोर्ट टीमचे ओकेआर

आमची सपोर्ट टीम चार जणांची. महिन्याला साधारण दीडशे मेल येतात आणि सगळे एकाच इनबॉक्समध्ये पडतात. पहिल्यांदा ओकेआर, म्हणजे तिमाहीचं उद्दिष्ट आणि ते गाठलं का हे मोजणारे 'की रिझल्ट', ठरवायला बसलो, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं: 'ग्राहक समाधान 83 टक्क्यांवरून 92 टक्क्यांवर नेणे.'

आमच्यातल्या एका सहकारी मुलीने विचारलं, "हे 83 टक्के किती लोकांचे आहेत?" बघितलं तर आधीच्या अख्ख्या तिमाहीत सर्व्हेला फक्त 18 जणांनी उत्तर दिलं होतं. त्यातले 15 समाधानी होते. म्हणजे एक माणूस जरी नाराज झाला असता, तरी आकडा साडेपाच टक्क्यांनी घसरला असता. शिवाय सर्व्हे भरतात ते बहुतेक फार खूश तरी असतात किंवा फार चिडलेले तरी. तीन महिने राबून आकडा वाढला असता, तरी तो आमच्या कामाने वाढला की योगायोगाने, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

मग ते उद्दिष्ट खोडलं आणि मागच्या महिन्याचे सगळे 142 मेल हाताने वाचले. प्रत्येकापुढे शीटमध्ये एकच गोष्ट लिहायची: ग्राहकाला नेमकं काय हवं होतं? आधी ठरवलेले प्रकार वापरायचे नाहीत, ग्राहकाच्याच शब्दांत लिहायचं. पहिले वीस मेल टीममधल्या दोघींनी वेगवेगळे वाचले आणि मग ताडून पाहिले. सहा ठिकाणी मतभेद निघाले. ते मिटवल्याशिवाय पुढे गेलो नाही, कारण व्याख्या सैल राहिली असती तर नंतरच्या मोजणीला अर्थच उरला नसता. या कामात दोन दिवस गेले, पण सगळ्या तिमाहीतले सर्वात उपयोगी दोन दिवस तेच होते.

142 पैकी 34 मेल एकाच तक्रारीचे होते: पैसे कापले गेले, पण प्लॅन सुरू झाला नाही. कारण शोधलं तेव्हा कळलं की पेमेंटची पक्की खबर कधी कधी दहा-पंधरा मिनिटं उशिरा येते आणि तोवर स्क्रीनवर 'पेमेंट अयशस्वी' असं दिसतं. ग्राहक घाबरणारच! आम्ही मात्र इतके दिवस प्रत्येकाला 'थोडा वेळ थांबा' एवढंच कळवत होतो.

उद्दिष्ट त्यातूनच निघालं: 'पैसे भरल्यावर कुणालाही आपल्याला विचारावं लागू नये.' पहिला की रिझल्ट असा ठरला की तिसऱ्या महिन्यात असे मेल 34 वरून 17 वर यावेत. दुसरा पहिल्यावर लगाम म्हणून होता: सात दिवसांत त्याच कारणासाठी पुन्हा लिहिणाऱ्यांची संख्या वाढता कामा नये. तो नसता तर मेल घाईघाईने दुसऱ्या प्रकारात टाकून किंवा अर्धवट उत्तर देऊन पहिला आकडा सहज सुंदर दिसला असता.

एक अडचण होती. स्क्रीनवरचा मजकूर बदलणं आमच्या हातात नव्हतं. म्हणून तिमाही सुरू होण्याआधीच डेव्हलपरला सोबत बसवलं आणि ते 34 मेल त्याला वाचायला दिले. आकडा सांगून जे झालं नसतं, ते मेल वाचून झालं. 'अयशस्वी'च्या जागी 'पेमेंट तपासत आहोत, पंधरा मिनिटांत मेल येईल' असा संदेश आला आणि तसा मेल आपोआप जाऊ लागला. हा बदल दुसऱ्या महिन्याच्या शेवटी लागू झाला.

दर आठवड्याला आकडा बघायची सवय मात्र सोडावी लागली. पहिल्या मोजणीच्या महिन्यातच आठवड्यांचे आकडे 11, 5, 9, 9 असे होते आणि तेव्हा आम्ही काहीच बदललं नव्हतं. अशा छोट्या मोजणीत आकडा साधारण त्याच्या वर्गमुळाइतका आपोआप वरखाली होतो. 34 चं वर्गमूळ जवळपास 6, म्हणून 34 चे 29 झाले असते तर मी ते यश मानलं नसतं.

तिसऱ्या महिन्यात 19 मेल आले. त्या काळात पेमेंटही 410 वरून 460 वर गेली होती, म्हणून दर शंभर पेमेंटमागे पाहिलं: सुमारे 8.3 वरून 4.1. पुन्हा लिहिणारे वाढले नाहीत. ठरवलेल्या घटीपैकी 15 मेलची घट झाली, म्हणून 17 पैकी 15 असा हिशेब करून 0.88 गुण लावले. वरच्यांनी विचारलं, तेव्हा मी हेही सांगितलं की एका महिन्याच्या आकड्यावर छाती ठोकून बोलता येणार नाही, चौथा महिना बघू.

चौथ्या महिन्यात 18 आले. त्यातले बरेच मेल बँकेकडून पैसे परत यायला लागणाऱ्या दिवसांबद्दल होते. आता त्यांची वेगळी मोजणी सुरू केली आहे आणि वाचायचे मेल पुन्हा दोघींनी वाटून घेतले आहेत.